‘प्राइस प्लीज’च्या पुढे

कोल्हापुरात चप्पल लाईनीच्या मागच्या बाजूला आमच्या एका दोस्ताचं घर आहे. पुढच्या खोलीत कारखाना, मागे संसार. त्याच्या आज्यापासून पायताणं शिवायचा धंदा. पोरगी कॉलेजात गेली, तिनं इन्स्टाग्रामवर दुकानाचं खातं काढलं आणि बापाच्या हातोडीचे, आरीचे, भिजवलेल्या कातड्याचे व्हिडिओ टाकायला सुरुवात केली. मी पुण्यात बरीच वर्षं निर्यातीची कागदपत्रं हाताळण्याचं काम केलं असल्यामुळे परदेशातून काही आलं की फोन मला येतो. एका रात्री साडेअकराला आला. ‘‘भावा, ब्याऐंशी मेसेज पडल्यात. समदे ‘प्राइस प्लीज’. काय करायचं लगा यांचं?’’

ती जून २०२५ ची अखेर होती. मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीनं पुरुषांच्या पायात हुबेहूब कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली, कोल्हापूरचा उल्लेख मात्र कुठे केला नाही. त्यावर समाजमाध्यमांत गदारोळ झाला. पुढे कंपनीनं या चपलेचं मूळ भारतीय कारागिरीत असल्याचं मान्य केलं आणि तिची माणसं कोल्हापूरला येऊन गेली. कोल्हापुरी चपलेला २०१९ पासून भौगोलिक मानांकन आहे. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे त्यात येतात. पण मानांकन म्हणजे काय, हे बहुतेक जगाला त्या आठवड्यात कळलं. आमच्या दोस्ताच्या खात्यावर त्या गर्दीचा एक ओघळ येऊन पडला, इतकंच.

त्या ब्याऐंशी मेसेजांतून शेवटी एक ऑर्डर उभी राहिली, १२० जोडांची. मेसेज ते खोकं हा प्रवास कसा झाला ते सांगतो.

आधी मेसेज वेगळे काढले. एक जोड हवा असलेले लोक एका बाजूला. ते गिऱ्हाईक आहेत, वाईट नाहीत, पण त्यांचा हिशेब निराळा. विशेषतः अमेरिकेतले. ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलवर तिथे जकात लागत नसे, ती सवलत २९ ऑगस्ट २०२५ पासून गेली. त्या धांदलीत आपल्या टपाल खात्यानं अमेरिकेची बहुतेक पार्सलं काही आठवडे घेतलीच नाहीत. दीड हजाराच्या चपलेसाठी तिकडच्या गिऱ्हाइकाला दारात जकात भरायला लागली तर तो पार्सल परत पाठवतो आणि परतीचा खर्च आपल्या गळ्यात येतो. म्हणून अशांना ‘जकात तुमची’ हे आधी लिहून कळवायचं आणि मगच पैसे घ्यायचे.

उरलेल्या सगळ्यांना पोरीनं एकच उत्तर पाठवलं. किंमत सांगितली नाही. चार प्रश्न विचारले: तुमचं दुकान कुठे आहे, आत्ता कुठल्या प्रकारची पादत्राणं विकता, साधारण किती जोड आणि कोणत्या मापात हवेत, आणि माल कधीपर्यंत दुकानात पोचायला हवा. शेवटी ईमेलचा पत्ता. माझ्या मते चाळणी ती हीच. ज्याला नुसती किंमत हवी असते तो चार प्रश्नांना उत्तर देत बसत नाही. दोन दिवसांत अकरा उत्तरं आली.

अकरांपैकी एकाला पाच हजार जोड हवे होते. दोस्त खूश. मी म्हटलं, मेसेज परत वाच. पाच हजार जोड मागणाऱ्यानं मापं विचारली नव्हती, रंग विचारला नव्हता, तळ किती जाड हेही विचारलं नव्हतं. कुठल्याशा देशाच्या सरकारी खात्याचं टेंडर आहे, तुमचा दर मंजूर आहे, एवढंच. दर तर आम्ही अजून दिलाच नव्हता! तिसऱ्या मेलमध्ये अपेक्षेप्रमाणे आलंच: पुरवठादार म्हणून नोंदणी करावी लागेल, वकिलाची फी चारशे डॉलर, ऑर्डर मिळाल्यावर परत. खरेदीदार विकणाऱ्याकडून पैसे मागतो तिथे व्यवहार संपला. ही फी कधी नोंदणीची असते, कधी वकिलातीच्या शिक्क्याची, कधी बँकेच्या ‘क्लिअरन्स’ची, नाव दर वेळी नवं असतं.

खऱ्या खरेदीदाराचा मेसेज याच्या अगदी उलटा असतो आणि थोडा त्रासदायकही. नेदरलँड्समधल्या उत्रेख्त शहरातून एक बाई लिहीत होत्या. छोटं दुकान, हातानं केलेल्या चपला आणि पिशव्या विकतात. त्यांचे प्रश्न असे होते: तळ शिवलेला आहे की चिकटवलेला? शिवण दोऱ्याची की कातड्याच्या वादीची? पट्ट्याचं कातडंही झाडाच्या सालीनं कमावलेलं आहे, की फक्त तळाचं? युरोपीय मापं ३७ ते ४३ मिळतील का? दोस्त वैतागला. ‘‘ही बाई लई चौकशा करत्या.’’ मला मात्र त्याच वेळी वाटलं होतं की खरेदी करणार ती हीच. जिला माल विकून नंतर गिऱ्हाइकाच्या तक्रारी ऐकायच्या आहेत तिलाच हे प्रश्न पडतात.

तरी तपासणी केलीच. इन्स्टाग्रामवर खात्याच्या नावाजवळ ‘या खात्याविषयी’ अशी माहिती उघडता येते. खातं कधी काढलं आणि आधी किती वेळा नाव बदललं, ते त्यात दिसतं. कालपरवा काढलेलं किंवा चार वेळा नाव बदललेलं खातं असेल तर सावध व्हायचं. मग बाईंकडे त्यांचा व्हॅट क्रमांक मागितला. युरोपीय संघाची VIES नावाची सेवा आहे, तिच्यात हा क्रमांक टाकला की तो चालू आहे की नाही ते फुकटात कळतं. नेदरलँड्सचा क्रमांक NL पासून सुरू होतो आणि त्यात पुढे B येतो. ब्रिटनमधला खरेदीदार असेल तर तिकडच्या कंपनी नोंदणी कार्यालयाच्या, म्हणजे Companies House च्या, संकेतस्थळावर नाव शोधता येतं. ऑस्ट्रेलियासाठी ABN Lookup आहे. तेही विनामूल्य. पाच मिनिटांचं काम, पण आपल्याकडे ते करायला लोक संकोचतात, गिऱ्हाइकाला राग येईल म्हणून. खऱ्या व्यापाऱ्याला राग येत नाही. बाईंनी क्रमांक तर दिलाच, शिवाय व्हिडिओ कॉलवर दुकान फिरवून दाखवलं. तिकडे सकाळचे दहा, आपल्याकडे दुपारचे दीड. पोरीनंही फोन घेऊन कारखाना दाखवला. कातडं भिजत घातलेलं पिंप पाहून बाई बराच वेळ त्याच्याविषयीच बोलत राहिल्या.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. बाईंना खात्यावर थांबवलं होतं ते चपला घातलेल्या सुंदर पायांच्या फोटोंनी नाही. त्यांनी नाव घेऊन सांगितलेला व्हिडिओ चाळीस सेकंदांचा होता. त्यात दोस्त तळाच्या थरांमधून आरीनं भोक पाडून कातड्याची वादी ओढतो, आणि शेवटी चप्पल आडवी धरून तिच्या जाडीशेजारी लोखंडी पट्टी ठेवलेली दिसते. पट्टीवरचे मिलिमीटर वाचता येतात. खाली इंग्रजीत चार ओळी: कातडं कुठलं, कशानं कमावलेलं, कमीत कमी किती जोड, तयार व्हायला किती दिवस. दुकानदाराला एवढंच पाहायचं असतं. ती पट्टी ठेवायची कल्पना पोरीची, माझी नाही.

मग मापांचा घोळ. कोल्हापुरात आपण सात नंबर, आठ नंबर म्हणतो, ती इंग्रजी पद्धत. तिच्यात एका नंबरचं अंतर इंचाचा तिसरा भाग, म्हणजे साधारण साडेआठ मिलिमीटर. युरोपीय पद्धतीत एक नंबर म्हणजे सेंटिमीटरचे दोन तृतीयांश, जेमतेम पावणेसात मिलिमीटर. त्यामुळे ३८ ते ४३ या पाच पायऱ्यांत तळ सुमारे ३३ मिलिमीटरनं वाढतो, आणि आपल्या पाच नंबरांत सुमारे ४२ नं. दोस्तानं एका तक्त्यावरून ‘३८ म्हणजे पाच, ३९ म्हणजे सहा’ असं सरळ जोडत नेलं असतं तर शेवटच्या मापाची चप्पल जवळजवळ एक सेंटिमीटर मोठी झाली असती. म्हणून बाईंना सांगितलं, नंबर बाजूला ठेवा. प्रत्येक मापासाठी तळव्याची लांबी मिलिमीटरमध्ये द्या. त्यावरून दोस्तानं तळाचे सात नवे साचे कापले.

नमुना फुकट द्यायचा नाही, हा माझा हट्ट होता. तीन जोडांची किंमत आणि कुरिअर दोन्ही बाईंनी भरलं. मोठी ऑर्डर आली की नमुन्याची किंमत बिलातून वजा करायची, असं ठरलं. यातून दोन गोष्टी कळतात. खरेदीदार खिशात हात घालतो का, आणि त्याचा पैसा आपल्या बँकेत कोणत्या वाटेनं येतो. प्रत्येक नमुन्याचे दोन जोड केले होते. एक गेला, दुसरा तसाच, सही केलेली चिठ्ठी लावून, कपाटात ठेवला. पुढे ‘रंग नमुन्यासारखा नाही’ असं कुणी म्हणालं तर दाखवायला. भाजीच्या रंगाचं कातडं एका जनावराचं दुसऱ्यासारखं कधीच येत नाही, डाव्या-उजव्या पायातही थोडी छटा बदलते. हे आम्ही दरपत्रकात स्पष्ट लिहिलं.

नमुने पोचल्यावर बाईंकडून दोन मागण्या आल्या. पहिली क्रोमियमची. कातडं क्रोमच्या क्षारांनी कमावलं की त्यातून कधी कधी क्रोमियम-सहा नावाचं त्वचेला त्रास देणारं रसायन तयार होतं. युरोपात त्वचेला लागणाऱ्या कातडी वस्तूंत ते किलोमागे ३ मिलिग्रॅमपेक्षा कमी असावं लागतं. नियम मे २०१५ पासून लागू आहे. आपली कोल्हापुरी बाभळीच्या सालीनं आणि हिरड्यानं कमावलेल्या कातड्याची, तेव्हा प्रश्न नको यायला. पण दोस्तानं खरं ते सांगितलं: तळ तसा आहे, वरच्या पट्ट्याचं मऊ कातडं मात्र तो बाजारातून आणतो आणि ते बऱ्याचदा क्रोमचं असतं. खात्यावर ‘शंभर टक्के नैसर्गिक’ लिहिलेलं होतं. ते त्याच रात्री काढलं, पट्ट्यांसाठी सालीनं कमावलेलं कातडं वेगळं आणलं आणि दोन्ही कातड्यांचे तुकडे मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून घेतले. तो अहवाल आता प्रत्येक नव्या चौकशीला जोडता येतो. हा खर्च मला सगळ्यांत कामाचा वाटतो.

दुसरी मागणी लेबलची. युरोपात चपलेच्या निदान एका पायावर वरचा भाग, अस्तर व आतला तळ, आणि बाहेरचा तळ कशाचा आहे, हे चिन्हांनी किंवा शब्दांनी दाखवावं लागतं. कातड्याचं चिन्ह म्हणजे पसरलेल्या कातड्याची आकृती. छोटे स्टिकर छापले, काम झालं.

दर देताना दोस्ताचा पहिला आकडा होता जोडामागे ११५० रुपये, कोल्हापुरात माल ताब्यात. १२० जोडांचे १ लाख ३८ हजार. बाईंना मात्र उत्रेख्तच्या दारापर्यंतचा खर्च हवा होता, आणि तिथे खोक्याचा हिशेब आडवा आला. कुरिअरवाले वजन दोन प्रकारे काढतात: प्रत्यक्ष तराजूवर, आणि खोक्याच्या लांबी-रुंदी-उंचीचा सेंटिमीटरमध्ये गुणाकार करून त्याला पाच हजारानं भागून. जे जास्त, त्याचे पैसे. आम्ही ६० बाय ४० बाय ४० च्या खोक्यात २४ जोड भरले. तराजूवर १४ किलो. हिशेबानं १९.२ किलो. पाच खोक्यांचे ७० ऐवजी ९६ किलोचे पैसे! किलोला ५०० रुपये धरले तर तेरा हजार रुपये हवेचे. दोस्ताच्या बायकोनं जोड टाचेला अंगठा लावून उलटसुलट रचले आणि खोक्याची उंची ३२ वर आणली. मग हिशेबाचं वजन खोक्यामागे साडेपंधरा किलोच्या आत आलं. तिथेच नऊ हजारांच्या वर वाचले. निर्यातीची पुस्तकं वाचून मला हे सुचलं नव्हतं.

जकात आणि तिकडचा व्हॅट बाई भरणार, कुरिअरचा खर्च आम्ही बिलात धरणार, असं ठरवून प्रोफॉर्मा इनव्हॉइस पाठवलं. निम्मे पैसे आधी, उरलेले माल भरल्यावर, रवाना होण्यापूर्वी. भरलेली खोकी, वजनकाट्यावरचे आकडे आणि प्रत्येक मापाचा एक जोड व्हिडिओवर दाखवून मग दुसरा हप्ता. कार्डनं किंवा पेपालनं पैसे घेणं सोपं असतं, पण तिथे खरेदीदाराला नंतर तक्रार करून पैसे परत ओढता येतात. पेपालवर त्यासाठी १८० दिवस मिळतात. नमुन्यापुरतं ते चालतं. दीड लाखासाठी बँकेतून बँकेत.

पैसे पाठवल्याची पावती मेलवर आली म्हणजे पैसे आले, असं होत नाही. हे वाक्य दोस्तानं भिंतीवर लिहून ठेवलंय, कारण एकदा त्याच्या शेजारच्या कारागिरानं अशा पावतीच्या फोटोवर माल रवाना केला होता. आपल्या खात्यात जमा झाल्याचं आपली बँक सांगेल तेव्हाच. आणखी एक फसवणूक उलट्या दिशेनं होते. कुणीतरी मेलमध्ये घुसून बसतो, व्यवहार वाचत राहतो आणि पैसे भरायच्या दिवशी आपल्या नावानं खरेदीदाराला कळवतो की आमचं बँक खातं बदललंय. बाईंना आम्ही पहिल्याच बिलावर लिहून दिलं होतं: आमचं खातं मेलवरून कधीही बदलणार नाही, तसा मेल आला तर व्हिडिओ कॉल करा.

आगाऊ रक्कम आली तेव्हा बँकेनं ती कशासाठी हे विचारलं. निर्यातीच्या आगाऊ पैशाचा कोड P0103 आहे, तो दिला. इथे लोक एक चूक करतात. कागदपत्रांचा कंटाळा येतो म्हणून माल ‘गिफ्ट’ किंवा ‘सॅम्पल’ लिहून पाठवतात. मग बँकेच्या नोंदीत पैसा आलेला दिसतो, पण त्यासमोर निर्यातीचा कागद नसतो, आणि ती नोंद वर्षानुवर्षं उघडी राहून पुढच्या ऑर्डरच्या वेळी बँक अडवते. दोस्ताकडे आयईसी म्हणजे आयात-निर्यात क्रमांक होता. तो पॅनवर, ऑनलाइन, ५०० रुपयांत मिळतो. बँकेचा एडी कोड कस्टम्सकडे नोंदवला आणि माल कुरिअरच्या व्यावसायिक शिपिंग बिलावर गेला. आपल्या कस्टम्सच्या यादीत कोल्हापुरी चपलेला स्वतःची ओळ आहे, हे पाहून दोस्त हरखला. ६४०३.२० या जागतिक क्रमांकाचं वर्णन तर वाचण्यासारखं आहे: कातडी तळ, आणि पावलावरून व अंगठ्याभोवती जाणारे कातडी पट्टे. कोल्हापूरचं नाव न घेता त्यात कोल्हापुरीच वर्णिलेली आहे.

आधीच्या एका ऑर्डरची गोष्ट राहिली. दोन वर्षांपूर्वी जुलैत दोस्तानं तीस जोड प्लास्टिकच्या पिशव्यांत गच्च बांधून पाठवले होते. तिकडे खोकं उघडलं तेव्हा चपलांवर हिरवी-पांढरी बुरशी. कातडं दमट हवेतलं पाणी धरून ठेवतं, प्लास्टिकमध्ये ते कोंडलं जातं. त्या खरेदीदारानं फोटो टाकले, तेही जाहीर, आणि त्याच्याखाली दोस्ताच्या दुकानाचं नाव. पोरीनं त्या पोस्टखाली वाद घातला नाही. चूक आमची, पैसे परत करतो, असं लिहिलं आणि केले. या वेळी उत्रेख्तच्या बाईंनी ते फोटो आधीच पाहिलेले होते. दुसऱ्याच व्हिडिओ कॉलवर त्यांनी शांतपणे विचारलं, बुरशीचं काय करणार?

त्यावर दोस्ताकडे उत्तर होतं. माल पावसाळा ओसरल्यावर, ऑक्टोबरात भरायचा. भरण्याआधी दोन दिवस पंख्याखाली, सावलीत. प्लास्टिक नाही, कागद. प्रत्येक खोक्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या. बाजारात बुरशी मारणाऱ्या म्हणून दुसऱ्या पुड्याही मिळतात. त्यांपैकी काहींत डायमिथाइल फ्युमरेट असतं आणि तिच्यामुळे अंगावर चट्टे उठल्याच्या तक्रारींनंतर युरोपनं २००९ मध्ये त्यावर बंदी घातली आहे. म्हणून पुडीवर नुसतं सिलिका जेल लिहिलेलं पाहूनच घ्यायची.

खोकी ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात गेली. नवव्या दिवशी बाईंचा मेसेज आला, एका फोटोसह. ४१ मापाचा एक जोड अंगठ्याशी थोडा घट्ट बसतोय, पुढच्या वेळी पट्टा चार मिलिमीटर सैल करता येईल का? दोस्तानं मेसेज मला वाचून दाखवला आणि हसला. ‘‘पुढच्या वेळी, म्हणत्यात बघ.’’ मग आत जाऊन त्यानं ४१ चा साचा काढला आणि त्यावर पेन्सिलीनं खूण केली.